वाचन दिन, डिपॉझिट आणि रेनकोटच्या कापडाची पिशवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१९ जूनला वाचन दिन, त्या दिवशी आमच्या डिचोलीच्या वाचनालयात सभासद नोंदणी आहे. सकाळी ९ ते १२.३० आणि संध्याकाळी ४ ते ७. छापाल तर बरं होईल. पण नुसती सूचना छापून भागणार नाही, कारण गेल्या आठवड्यात फळ्यावर लिहिल्यापासून येणारा प्रत्येकजण दोनच गोष्टी विचारतोय, डिपॉझिट कशाला आणि भेट म्हणून पिशवी काय देता, पुस्तक द्या की!

आधी पैशांचं सांगतो. प्रवेश फी २० रुपये, ती त्या दिवशी माफ. महिन्याची वर्गणी ३० रुपये, पण १० महिन्यांचे ३०० एकदम भरले तर १२ महिने चालतात. डिपॉझिट ३००, मुलांना १५० आणि मुलांची वर्गणी निम्मी. म्हणजे मोठ्या माणसाने त्या दिवशी ६०० दिले तर त्यातले ३०० त्याचेच, सोडताना परत मिळतात. पावती हरवली तरी रजिस्टरात सही असते, अडत नाही. हे पैसे आम्ही वेगळ्या खात्यात ठेवतो, कपाटाला किंवा लाईट बिलाला लावत नाही. पूर्वी लावले होते (तेव्हा मी खजिनदार नव्हतो!), मग एकाच महिन्यात चारपाच जणांनी नावं काढली आणि परत द्यायला पेटीत काहीच नाही, शेवटी कमिटीतल्यांनी खिशातून घातले. आता कोणी म्हणेल ४५० च्या कादंबरीला ३०० डिपॉझिट कसं पुरतं? नाहीच पुरत. ते किंमत वसूल करायला नाहीच, पुस्तक घरी राहिलं की माणसाला आठवण राहावी एवढ्यासाठीच आहे.

आता पिशवी. वाचन दिन १९ जूनला का, तर केरळात गावोगाव वाचनालयं उभी करणारे पी. एन. पणिक्कर १९९५ साली त्याच तारखेला गेले आणि पुढच्या वर्षापासून तिथे तो दिवस पाळायला लागले. आता जून म्हणजे त्यांच्याकडे काय आणि आपल्याकडे काय, पाऊसच! आमच्याकडे पुस्तकं चोरीला फार जात नाहीत हो, भिजून येतात. स्कूटरच्या हँडलला लटकवलेली कापडी पिशवी, वाटेत एक सर, आणि घरी पोचेपर्यंत खालचा कोपरा फुगलेला. गेल्या वर्षी एक काकी असंच एक जुनं पुस्तक घेऊन गेल्या, भिजलं म्हणून घाबरून सांगितलंच नाही, पलंगावर ठेवून वर उशी दाबली आणि आठ दिवसांनी आणून दिलं, तोवर पानांवर काळे-हिरवे ठिपके आणि तो वास. ते पुस्तक आता बाजारात मिळतच नाही, काकींनी पैसे पुढे केले पण घेऊन करणार काय.

त्याच दिवशी आणलं असतं तर वाचलं असतं. भिजलेलं पुस्तक उभं करून पानं थोडी उघडी ठेवायची, मधेमधे साधा कोरा कागद घालायचा आणि ओला झाला की बदलायचा, पंखा चालू. कडक उन्हात ठेवलं की पानं वाकडी होतात, इस्त्री तर नकोच. आपल्या हवेत दोन दिवसांत बुरशी धरते म्हणून घाई. मुलांच्या चित्रांच्या पुस्तकांचा कागद गुळगुळीत, तो वाळताना एकमेकाला चिकटला की ओढून सुटत नाही, चित्रच फाटतं, तेव्हा ती पुस्तकं ओली असतानाच पान न पान सुटं करावं लागतं.

म्हणून यंदा पहिल्या ६० सभासदांना रेनकोटच्या कापडाची पिशवी. इथल्याच शिंप्याकडून शिवून घेतली, एक ४५ रुपयांना पडली, म्हणजे दीड महिन्याची वर्गणी. तोंडावर दुहेरी झडप आहे पण शिवणीतून थोडं पाणी येतंच, आम्ही बादली ओतून बघितलं, तेव्हा मुसळधार असेल तर आत पुस्तकाला प्लास्टिक गुंडाळाच. आधी दोन वर्षं आम्ही भेट म्हणून पुस्तकच दिलं होतं, देणगीतल्या जादा प्रती, लोकांनी घेतल्या आणि चतुर्थीनंतर बरेचजण दिसलेच नाहीत. पिशवी निदान पुस्तक परत आणायला तरी लागते.

येताना एक फोटो आणि पत्त्याचा पुरावा आणा. एका वेळी एक पुस्तक आणि एक मासिक, पंधरा दिवसांसाठी. आणि पुस्तक भिजलं तर तसंच ओलं घेऊन या, जुलै ते सप्टेंबर त्याचा दंड घेणार नाही असं कमिटीत ठरलंय.

तुमचा एक वाचक, वाचनालयाचा बिनपगारी खजिनदार,
डिचोली, गोवा