सर्वेक्षणाचा आराखडा आधी नोंदवा

महोदय,

सीमाभागातील पालक मराठी शाळा का सोडतात, यावर खानापूर-निपाणीकडे सर्वेक्षण करू पाहणाऱ्यांसाठी हे पत्र. उत्तरे हाती आल्यावर वय, तालुका, उत्पन्न अशा २० स्वतंत्र तुलना केल्या, तर खरा फरक कुठेच नसतानाही ५ टक्क्यांच्या निकषावर एखादी तरी ‘लक्षणीय’ ठरण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. आणि नेमकी तीच मथळ्यात येते! म्हणून पहिला अर्ज भरण्याआधीच मुख्य गृहीतक, नमुन्याचा आकार, कोणते अर्ज बाद करणार आणि कोणती चाचणी लावणार, हे ‘ओपन सायन्स फ्रेमवर्क’ म्हणजेच ‘ओएसएफ’सारख्या, संशोधनाचे आराखडे नोंदवून ठेवणाऱ्या संकेतस्थळावर तारखेसह नोंदवावे. पुढे सुचलेली तुलनाही छापावी, पण ती नंतर सुचली असे स्पष्ट लिहून.

– एक वाचक, बेळगाव