नुसतं ‘सोहम’

प्रिय आई-बाबा,

हे फोनवर सांगायला घेतलं असतं तर बाबांनी मध्येच कांद्याचा भाव विचारला असता आणि सगळी गोष्ट तिथेच राहिली असती, म्हणून टाईप करून पाठवतेय. आई, अक्षर बारीक दिसलं तर दोन बोटांनी ताणून मोठं कर, नाहीतर बाबांना मोठ्याने वाचायला लाव, तेवढ्या वेळ तरी ते गप्प बसून ऐकतील, म्हणजे वाचतील.

तुम्ही नेहमी विचारता ना की तू ऑफिसात बसून नेमकं करतेस काय. तर या ऑक्टोबरात आमच्याकडे एका आजींचा मेसेज आला होता, दिंडोरी तालुक्यातल्या, गावाचं नाव सांगत नाही. आमचा तो नंबर माहितीये ना, शेतकरी व्हॉट्सॲपवर प्रश्न विचारतात आणि आम्ही उत्तर देतो. पहिला मेसेज आला की मशीन आपोआप एक यादी पाठवतं, द्राक्षासाठी १ लिहा, कांद्यासाठी २, टोमॅटोसाठी ३, असं. माणूस त्यातलं काही लिहितो आणि मग तो प्रश्न त्या त्या सरांकडे जातो. सगळं नीट चाललं तर आमच्यापैकी कोणाला हात लावायलाही लागत नाही.

तर संध्याकाळी मेसेज आला, ‘सोहम’. बस. नमस्कार नाही, प्रश्न नाही, फोटो नाही. मशीनने यादी पाठवली. पाच-सात मिनिटांनी परत तोच मेसेज, ‘सोहम’. दोनदा मशीनला काही कळलं नाही की तो नंबर लाल होऊन आमच्या स्क्रीनवर येतो, म्हणजे आता माणसाने बघा. माझ्या शेजारचा म्हणाला, अगं नातवाला पाठवायचा असेल, चुकून इकडे आला, बंद करून टाक. असे रोज येतात, गुड मॉर्निंगची फुलं येतात, लग्नाच्या पत्रिका येतात, त्यामुळे त्याचंही चूक नव्हतं. पण मला एक गोष्ट खटकली. चुकून पाठवणारा माणूस समोरून यादी आली की गप्प होतो, नाहीतर मेसेज डिलीट करतो. हिने यादी आल्यावर परत तेच लिहिलंय, म्हणजे पलीकडे कोणीतरी उत्तराची वाट बघत बसलंय. डीपीवर जोगव्याच्या परडीशेजारी बसलेल्या एक नऊवारीतल्या आजी होत्या, त्यामुळे ‘आजी’ म्हणायला हरकत नव्हती.

आता इथे काय लिहायचं हा खरा प्रश्न असतो. ‘आपली समस्या सांगा’ असं लिहिलं तर ती बाई परत टाईप करण्यावर अडकते, आणि ज्याला टाईप करता येत नाही तोच तर एक शब्द पाठवतो. शिवाय व्हॉट्सॲपचं असं आहे की समोरच्याचा शेवटचा मेसेज आल्यापासून २४ तासच आम्हाला मोकळेपणाने लिहिता येतं, त्यानंतर फक्त आधीच मंजूर करून ठेवलेले ठरावीक मेसेज जातात. म्हणजे आज तिला घाबरवलं आणि ती गप्प झाली तर उद्या संध्याकाळनंतर मी साधं ‘आजी, काय झालं होतं?’ एवढंही विचारू शकत नाही. फोन करून बघितला, उचलला नाही. नंतर कळलं की अनोळखी नंबर उचलायचा नाही असं नातवानेच बजावलं होतं, फ्रॉडचे फोन येतात म्हणून. शहाणा पोरगा.

मग मी लिहायचं सोडून बोलून पाठवलं. ‘आजी नमस्कार, मी नाशिकहून बोलतेय, शेतीच्या नंबरवरून. तुमच्या बागेत काही झालंय का? लिहू नका, खाली माईकचं चिन्ह आहे ना, ते दाबून धरा आणि बोला, बोट सोडलं की मला येईल.’ पहिला आला तो एका सेकंदाचा, त्यात नुसता कुत्रा. दुसरा आलाच नाही. बोट डावीकडे सरकलं की रेकॉर्डिंग रद्द होतं, म्हाताऱ्या माणसांचं बोट सरकतंच, आई तुझंही असंच होतं आणि तू म्हणतेस फोन बिघडलाय. मी परत सांगितलं, बोट हलवू नका, दगड ठेवल्यासारखं ठेवा. तिसरा आला तो पूर्ण.

‘ताई, मला तेवढंच येतं बघा. तो होस्टेलला गेला, जाताना नाव काढून दावलं, मी स दाबते, वर त्याचं नाव येतं, त्याच्यावर बोट ठेवते. बाकी काय मला गावत नाही. द्राक्षाच्या पानावर डाग पडलेत, त्याचा बाप दवाखान्यात आहे, कोणाला दाखवू?’

म्हणजे कळलं का? कीबोर्डवर आपण जो शब्द सारखा वापरतो तो पहिलं अक्षर दाबलं की वरच्या पट्टीत येतो. तो फोन सोहमचाच जुना, त्याने आयुष्यभर आपलं नाव त्यात लिहिलेलं, त्यामुळे ‘स’ म्हटलं की सोहम हजर. आजी चौथी शिकलेल्या, हरिपाठ वाचतात, वाचायला अडचण नाही. पण तो छोटा कीबोर्ड, त्यात काना-मात्रा शोधायची, जोडाक्षर तर विचारूच नका. तेव्हा तिला हाक मारायची होती आणि हाक मारायला तिच्याकडे तेवढा एकच शब्द होता. द्राक्ष, डाग, पान, मदत, सगळ्याच्या जागी तोच.

पुढचं आता बाबांसाठी, कारण बाबांना हेच आवडेल. मी विचारलं छाटणीला किती दिवस झाले. ज्या बाईला टाईप करता येत नव्हतं तिने एका दमात सांगितलं, गोडी छाटणी अमुक तारखेला, आज सत्ताविसावा दिवस, बाग दोड्यात आहे, परवा रात्री पाऊस झाला, सकाळी धुकं होतं. इथे सगळे छाटणीपासूनच दिवस मोजतात, पण इतकं स्वच्छ आमच्याकडे पदवीवाले पण सांगत नाहीत. फोटो मात्र पहिला उन्हाकडे तोंड करून काढलेला, पान काळं आणि मागे सूर्य. दुसऱ्यात अंगठा. तिसऱ्यात पान दिसलं, वरच्या बाजूला पिवळट, तेल सांडल्यासारखे गोल डाग.

तेलकट डाग म्हणजे डावणी या बुरशीच्या रोगाचा संशय. पण फोटोवरून छातीठोक सांगता येत नाही, फवारणीने पान जळलं तरी पिवळे डाग पडतात. भुरी असती तर पानावर राख भुरभुरल्यासारखी दिसली असती, डावणीत वर तेलकट डाग आणि बरोबर त्याच्या खाली, पानाच्या पाठीवर, पांढरी कापसासारखी बुरशी. म्हणून पाठीचा फोटो मागितला. पाठ कोरडी, काही नाही. याचा अर्थ डावणी नाही असा होत नाही, कारण ती बुरशी रात्री, हवेत भरपूर ओल असेल तेव्हाच बाहेर येते, आणि दिवसभर ऊन पडलं होतं. मी आमच्या द्राक्षाच्या सरांना फोन लावला, ते घरी जेवत होते. त्यांनी सांगितलं ते मी आजींना बोलून पाठवलं. डागांची तीन-चार पानं तोडा, प्लास्टिकच्या पिशवीत घाला, आत पाण्याचे चार शिंतोडे मारा, तोंड बांधा आणि रात्रभर घरात अंधारात ठेवा. सकाळी उघडून पाठ बघा. आणि फवारणीचा ट्रॅक्टर आत्ताच सांगून ठेवा, सकाळी शोधायला लागू नका.

हे शेवटचं सरांचं मला फार पटलं. दोड्यात, म्हणजे फुलोऱ्याच्या आधी, आणि फुलोऱ्यात डावणी घडावर गेली तर घडच जातो, आणि पुढे परत पाऊस सांगितलेला. खात्री करायची पण वेळ घालवायचा नाही.

सकाळी सव्वासातला फोन वाजला, मी अंथरुणातच. ‘सोहम’. आणि खाली फोटो, या वेळी उन्हाला पाठ करून, पान तळहातावर पसरून, डागाच्या मागे पांढरं शुभ्र. डावणीच होती. सरांनी औषध सांगितलं, त्याचं नाव इथे लिहीत नाही कारण बाबा ते उद्या कांद्यावर मारतील. पण एक सांगते, बुरशी यायच्या आधी पानावर थर करून बसणारी औषधं वेगळी आणि आलेल्या रोगात पानाच्या आत जाणारी वेगळी, आणि आतवाली एकच एक सारखी मारत राहिलं तर बुरशी त्याला दाद देईनाशी होते, म्हणून आलटून पालटून. आजींनी उलट सरांनाच विचारलं, ‘प्लॉट एक्स्पोर्टला नोंदवलाय, हे औषध चालतं का, काढणीच्या किती दिवस आधी बंद करायचं?’ इकडच्या लोकांना ते पक्कं लक्षात आहे, २०१० साली लिहोसिन या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशामुळे युरोपात द्राक्षं अडकली होती त्याचा चटका अजून गेलेला नाही.

दाट फांद्यांमधली खालची पानं काढून हवा खेळती ठेवायला सांगितली, रोगट पानं बागेतच टाकू नका म्हटलं. काही घड गेलेच, सगळं वाचलं असं नाही. पण बाग उभी आहे.

ऑफिसात मी हट्ट धरून एक बदल करून घेतला. आता यादीत नसलेला एकच शब्द आला की परत यादी जात नाही, मराठीत रेकॉर्ड केलेला आवाज जातो, लिहू नका, बोला किंवा फोटो टाका म्हणून, आणि तो नंबर लगेच माणसाकडे येतो. साहेब म्हणाले माणसांचं काम वाढेल. वाढलं, खरंच वाढलं, गुड मॉर्निंगवाले पण आता आमच्याकडेच येतात. मला चालतंय. आजी अजूनही प्रत्येक वेळी आधी ‘सोहम’ पाठवतात, मग फोटो, मग बोलणं. सोहमला हे माहिती नाही, मी काही सांगणार नाही.

आता तुमचं. बाबा, तुम्ही परवा रोपाचा फोटो पाठवलात तो उभं राहून काढलेला, त्यात नुसतं हिरवं दिसतं. रोप मान टाकतंय म्हणताय तर खाली बसा, गुडघा दुखत असेल तर आईला बसवा, आणि जिथे रोप मातीतून वर येतं ती जागा दिसेल असा काढा, मर लागली असेल तर तिथेच दिसेल. चार रोपं मुळासकट उपटून कागदावर ठेवून एक वेगळा काढा. वाफ्यात पाणी साचतंय का तेही सांगा. आणि हे सगळं मला पाठवू नका, आमच्या त्या नंबरवर पाठवा, मी दुपारी ड्युटीवर नसते आणि कांद्याचे सर माझ्यापेक्षा हुशार आहेत. आई, तुला लिहायचा कंटाळा असेल तर माईक दाबून बोल, बोट हलवू नकोस.

दिवाळीला धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी निघते, येवल्याची शेवटची बस मिळाली तर रात्रीच पोचेन.

तुमची,
मनू