डोक्यावरची स्वाती

होनोलुलू, १८ मे

ती. आबांस सा. न.

इथल्या धक्क्यावर परवा होकुलेआ पाहिली. दोन लांब होड्या आडव्या लाकडांनी जोडून वर शीड उभारलेली. १९७६ साली हीच होडी होकायंत्राशिवाय, नकाशाशिवाय हवाईहून ताहितीला गेली, चार हजार किलोमीटर. इथे ती विद्या जवळजवळ विसरली गेली होती, म्हणून मायक्रोनेशियातल्या सातावाल बेटावरून जाणते दर्यावर्दी माऊ पिआयलुग यांना बोलावलं होतं.

होकुलेआ म्हणजे आपली स्वाती. ती हवाईच्या बेटांवर बरोबर डोक्यावरून जाते, तर ताहितीवर व्याध. म्हणजे व्याध माथ्यावर आला की दक्षिणेकडे पुरेसं आलो, हे कळतं. पण पूर्वेला आहोत की पश्चिमेला, ते तारा सांगत नाही. म्हणून होडीवाले मुद्दामच ताहितीच्या पूर्वेकडे, वाऱ्याच्या बाजूला राहतात. बेट मग वाऱ्याच्या खालच्या अंगाला येतं, तिकडे वळणं सोपं. चुकून पश्चिमेला गेलं, तर तोंडावरच्या वाऱ्याशी झुंजत मागे यावं लागतं.

ढगांनी तारे झाकले की लाटांचा आधार. वरवरच्या वाऱ्याच्या नाहीत, दूरच्या वादळांतून आलेल्या लांब, संथ लाटांचा. त्यांची दिशा दिवसेंदिवस बदलत नाही. माऊ तर होडीत आडवे पडून, ती कशी डोलते त्यावरून दिशा ओळखत. दोन दिशांच्या लाटा एकमेकींत मिसळल्या तरी त्यांना त्या वेगळ्या जाणवत. मला हे सगळ्यात अवघड वाटतं.

आणि पक्षी! सखल बेट होडीवरून जेमतेम पंधरा-वीस किलोमीटरवर दिसतं, पण पांढरा सुरय मासे धरायला त्याच्या कितीतरी पलीकडे जातो आणि रात्री जमिनीवर परततो. म्हणून सकाळी तो ज्या दिशेने येतो तिकडे बेट, संध्याकाळी जिकडे जातो तिकडे बेट.

१९८० मध्ये नैनोआ थॉम्पसन हा हवाईचा तरुण पहिल्यांदा होडी नेत होता, माऊ सोबत होते. एका सकाळी मागच्या बाजूने एक पक्षी आला आणि पुढे गेला. सकाळची वेळ, म्हणजे हा जमिनीवरून निघालेला. रात्री बेट मागे राहिलं असणार, असं समजून त्याने होडी उलटी फिरवली. बराच वेळ शोधूनही बेट दिसेना. तेव्हा माऊ म्हणाले, होडी वळव, पक्षी गेला तिकडे चल. थोड्या वेळाने समोर बेट दिसलं. मग त्यांनी कारण सांगितलं. त्या पक्ष्याच्या चोचीत मासा होता. घरट्यात पिल्लं असली की तो सकाळीच मासा घेऊन घरी परततो.

आबा, आपल्या अलिबागवरूनही स्वाती जवळजवळ डोक्यावरूनच जाते. सध्या रात्री अकराच्या सुमारास. ढग नसले तर ओट्यावरून उतरून अंगणात येऊन बघा, आणि आईलाही दाखवा.

तुमची,
सुमी