लाल लघवी आणि कावीळ यांत गल्लत नको

‘क्षयाच्या गोळ्यांनी लघवी लाल होते, घाबरू नका’ हा आपल्या आरोग्य पुरवणीतील सल्ला बरोबर असला, तरी अर्धाच आहे. रिफाम्पिसिनमुळे गोळ्या घेतल्यावर काही तास लघवी नारिंगी-लाल होते. ते निरुपद्रवी आहे. मात्र पहिले दोन महिने चार औषधे एकत्र चालतात आणि त्यांपैकी आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन व पायराझिनामाइड ही तिन्ही यकृताला त्रास देऊ शकतात.

समजा, ५२ किलो वजनाचा ऊसतोड कामगार रोज चार गोळ्या घेतो. तिसऱ्या आठवड्यात त्याला जेवण नकोसे होते, उलट्या होतात, लघवी दिवसभर काळ्या चहासारखी दिसते आणि डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा पडतो. ही कावीळ आहे. त्याने सर्व गोळ्या थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठून यकृताची तपासणी करावी. उलट्या-मळमळ असताना रक्तातील एएलटी हे यकृताचे एन्झाइम कमाल मर्यादेच्या तिपटीवर गेले, किंवा त्रास नसतानाही पाचपटीवर गेले, तर औषधे बंद ठेवतात. आकडे उतरल्यावर डॉक्टर ती एकेक करून पुन्हा सुरू करतात. ‘थोड्या कमी गोळ्या घेऊन पाहू’ हा घरगुती उपाय घातक आहे. त्याने यकृत वाचत नाही, जंतू मात्र औषधांना दाद देईनासे होऊ शकतात.

बीड-जालन्याकडची माणसे दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात. नेमकी तेव्हाच दोन महिन्यांनंतरची थुंकीची तपासणी हुकते आणि उपचाराचे पुढचे चार महिने अंधारात जातात. गोळ्यांच्या पाकिटासोबत ही लक्षणे आणि तपासणीची तारीख मराठीत लिहून द्यावी.

– एक वैद्यकीय अधिकारी, बीड