मोहरी, किमान साठा १०० ग्रॅम

प्रिय सुमे,

फोनवर बोलता येत नाही, हा शेजारच्या खोलीतच असतो. दिवसभर. म्हणून लिहिते आहे.

जानेवारीत ह्याची नोकरी गेली. चाकणच्या कारखान्यात १४ वर्षं क्वालिटीत होता. एक लाईन बंद झाली आणि ११ जणांकडून राजीनामे लिहून घेतले. खरी मेख तिथेच होती, मला उशिरा कळलं. 'सोडली' म्हणावं तर खोटं, 'काढलं' म्हणवत नाही. मग कोणाला भेटायलाच नको. लिफ्टमध्ये कोणी विचारू नये म्हणून दूध आणायला पहाटे साडेपाचला जायचा.

बाहेरची साहेबी गेली ती घरात अवतरली. सिलिंडरवर तारखा आल्या: मागचा ३४ दिवस गेला, हा ३१ का? एकदा ऑफिसातून आले तर सगळे डबे रांगेत आणि प्रत्येकावर छापील लेबल, 'मोहरी, किमान साठा १०० ग्रॅम'. कारखान्यात वस्तू जागच्या जागी, लेबल लावून ठेवायची शिस्त असते ना, तेच फाइव्ह एस गं! मला हसू आलं. ते त्याला इतकं लागलं की दोन दिवस कामापुरतंच बोलला. लेकीने पंखा चालू ठेवला म्हणून एकदा चक्क ताट ढकललं.

आधी मी भांडले. मग लक्षात आलं, भडक्याच्याही वेळा ठरलेल्या आहेत. सकाळी कंपनीची बस कोपऱ्यावर हॉर्न देते तेव्हा. किराण्याचे पैसे माझ्या कार्डावरून जातात तेव्हा. आणि घरात शिरताच मी 'काही कळलं का?' विचारते, तेव्हा तर हमखास. मला वाटायचं मी काळजीने विचारते; त्याला ती रोजची हजेरी वाटायची. तो प्रश्नच बंद केला. आता रविवारी संध्याकाळी अर्धा तास वही घेऊन बसतो: अर्ज कुठे केले, खात्यात किती, ग्रॅच्युइटी किती यायला हवी. (शेवटचा बेसिक आणि महागाई भत्ता भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. कंपनीच्या हिशेबातली चूक त्यानेच पकडली. त्या रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.)

लेकीचं मात्र वहीवर सोडलं नाही. पुन्हा तिच्यासमोर ताट ढकललंस तर तिला घेऊन आईकडे जाईन, असं सरळ सांगितलं. लाज मला कळते, पण ती पोरीच्या ताटात का सांडायची? माफी मागायला त्याला चार दिवस लागले, तीही तिच्या गणिताच्या वहीला कव्हर घालता घालता, पाठमोऱ्याने.

लोकांना सांगायचं वाक्य दोघांनी मिळून ठरवलं: 'लाईन बंद झाली, ११ जणांची नोकरी गेली, त्यात माझीही.' पहिल्यांदा सासूबाईंना फोनवर सांगताना त्याचा आवाज कापत होता. पलीकडून 'जेवलास का?' एवढंच. गेल्या आठवड्यापासून दूध सात वाजता येतं.

नोकरी अजून नाही. काल मोहरी तळाला गेली होती, मी मुद्दाम भरली नाही. आज बघते तर डबा काठोकाठ, आणि लेबलावरचे १०० खोडून पेनाने १५० केलेत.

तुझी,
मंदा