जिव्हाळा गेटवर जमा करून घेतात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मंगळवारच्या अंकात एका निवृत्त व्यवस्थापक साहेबांचं पत्र वाचलं. कंत्राटी कामगाराला 'कंपनी आपली वाटत नाही', म्हणून काम बिघडतं, असं त्यांचं निदान आहे. साहेबांच्या वयाचा मान राखून एकच प्रसंग सांगतो.

पूर्व उपनगरातल्या एका कारखान्यात मी १४ वर्षं कूलिंगच्या पाण्याचे पंप चालवतोय. एवढ्यात ठेकेदार सहा बदलले. पंप तेच, मीही तोच. ३१ मार्चला जुन्या ठेक्याबरोबर आमचे पिवळे गेट पास संपतात. नव्या ठेकेदाराचा माणूस आधारच्या झेरॉक्सा आणि फोटो गोळा करून नवे पास काढेपर्यंत आम्ही बाहेर. ते दिवस बिनपगारी, हे वेगळं सांगायला नको. कायम कामगारांचा पास निळा. त्यावर तारीख निवृत्तीची.

मागच्या वेळी १ एप्रिलला असाच गेटबाहेर उभा होतो. साडेअकराच्या सुमारास आतून फोन आला. पंपावर त्या दिवशी एका कायम दादांना बसवलं होतं. दोन नंबरचा पंप सुरू केलाय, पण प्रेशर येत नाही म्हणाले. मी विचारलं, "दादा, अँमीटर किती दाखवतोय?" म्हणाले, "पंधरा." एरवी तो २८ दाखवतो. म्हणजे पंप कोरडाच फिरत होता. पाणी उचलत नसला की लोड पडत नाही आणि करंट उतरतो. "आधी बंद करा!" मी ओरडलोच. तोवर ग्लँडमधून धूर यायला लागला होता.

त्या पंपाचा फूट व्हॉल्व्ह गळतो. थोडा वेळ बंद राहिला की सक्शनच्या पाइपातलं पाणी उतरतं. म्हणून दर वेळी डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद ठेवायचा, एअर कॉक उघडायचा आणि बुडबुडे थांबून सरळ धार येईपर्यंत वरून पाणी भरायचं. मग कॉक बंद करून पंप सुरू करायचा आणि डिलिव्हरी हळूहळू उघडायची. या पंपाला हे दर वेळी करावं लागतं, असं कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. फूट व्हॉल्व्ह बदला म्हणून तीन वर्षं सांगतोय, पण पिवळ्या पासवाल्याचं कोण ऐकतं? ग्लँड थोडा गार झाल्यावर एकेक करत सगळं फोनवर सांगितलं. एवढ्यात सिक्युरिटीवाला येऊन म्हणाला, "पास संपलाय ना? मग गेटसमोर थांबू नका." पानाच्या टपरीमागे जाऊन उरलेलं सांगितलं. पंप चालू झाला. लॉगबुकात नोंद त्या दादांच्या सहीची.

त्या दादांवर राग धरू नये, हे कळतं. पण दिवाळीला त्यांच्या हातात बोनस आणि मिठाईचा खोका असतो आणि माझ्या हातात त्यांच्यासाठी उघडून धरलेलं लिफ्टचं दार, तेव्हा राग त्यांचाच येतो. ठेकेदार तर दिसतही नाही.

आता हिशेब. माझा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,६०० रुपये. ग्रॅच्युइटीच्या नियमाने २६ने भागून १५ने गुणलं की एका वर्षाचे ९,००० होतात. १४ वर्षांचे १,२६,०००. पण माझ्या नावावर शून्य. कारण अट सलग पाच वर्षांची आणि कुठलाच ठेकेदार तीन वर्षांपुढे टिकलेला नाही. प्रत्येक जण म्हणतो, "माझ्याकडे तू कालच आलास." पीएफला निदान यूएएन आहे, मालक बदलला तरी नंबर सुटत नाही. ग्रॅच्युइटीला तसं काही नाही. नव्या कामगार संहितेत मुदतीच्या नेमणुकीवरच्या माणसाला एका वर्षावर ग्रॅच्युइटी आहे म्हणतात. त्याला मुदत लिहिलेलं नेमणूकपत्र लागतं. माझ्याकडे पास आहे, तोही पिवळा.

साहेब, आपलेपणा होता हो. पूर्वी बेअरिंगचा आवाज जरा बदलला तरी जेवणावरून उठून पळायचो. आता रजिस्टरात 'आवाज येतो' एवढं लिहितो, वेळ टाकतो आणि डबा संपवतो. तुमच्या भाषेत यालाच काम बिघडणं म्हणत असतील.

जाता जाता आणखी एक. गेल्या वर्षी कारखान्याजवळच्या बसथांब्याबद्दल मी पत्र पाठवलं होतं. आपण छापलंत, पण अर्धं कापून, आणि खाली नाव दुसऱ्याचंच. या वेळी नावच देत नाही. चुकायची भीती नको, आणि ३१ मार्चही फार लांब नाही.

आपला,
एक पंप ऑपरेटर, मुंबई