मेल अजून पाठवला नसशील तर

चि. सोनू,

तू सेकंड शिफ्ट करून सातपूरच्या गेटमधून निघून घरी पोचेपर्यंत मी झोपलेला असेन. म्हणून हे डब्याखाली ठेवतोय. सुपरवायझरला लिहिलेल्या मेलचा खर्डा वाचला.

मुद्दा तुझा बरोबर आहे. ड्रॉइंगच्या जुन्या रेव्हिजनवर २४० बुश निघाले, तू ते होल्डवर टाकले आणि त्या सुपरवायझरने सगळ्यांदेखत ‘कागदी घोडे नाचवते’ म्हटलं. राग येणारच. पण मेलमध्ये तो राग ‘कृपया’ लावून बसलाय.

‘आधीच्या मेलमध्ये स्पष्ट लिहिल्याप्रमाणे’. यातलं ‘स्पष्ट’ वाचून त्याला ‘डोळे फुटले होते का’ असंच ऐकू येणार. मात्र वाक्य नुसतं खोडू नकोस, आधी कळवलं होतंस ही माहिती हवी आहे. तारीख लिही: ‘रेव्हिजन सी मी ४ तारखेला पाठवली होती.’

‘कदाचित आपल्या नजरेतून सुटलं असावं’ इथे सरळ प्रश्न विचार: ‘लाइनवर नवं ड्रॉइंग पोचलं होतं का?’ जुनी प्रत मशीनवरून कुणी काढलीच नसेल, तर चूक त्याची नाहीच.

‘बाकी आपण अनुभवी आहात, योग्य वाटेल ते करावे’ हे पूर्ण काढ. मी त्यावर बोट ठेवून मेल वाचला, कामाचं काहीच कमी झालं नाही. उलट, उद्या तो म्हणेल, मॅडमनीच तसं लिहिलं म्हणून माल सोडला. मग तुझा होल्ड कुठे राहिला? मी एकदा स्टोअरला चिडून ‘आपल्या सोयीने उत्तर द्यावे’ लिहिलं होतं. अकराव्या दिवशी आलं, त्यांच्या सोयीने!

आई म्हणते, जरा गोड लिही. नको. ‘थोडी शंका होती’ असं लिहिलंस की माल गेला म्हणून समज. मी असं लिहिलं असतं:

‘सर, २४० बुश होल्डवर आहेत. बोअर जुन्या ड्रॉइंगप्रमाणे २५.०० ते २५.०२ मिमी आहे, रेव्हिजन सीला २५.०३ ते २५.०५ लागतो. बोअर लहान असल्याने रीवर्क होईल असं वाटतं. गुरुवारच्या डिस्पॅचआधी मशीन मिळेल का, दुपारपर्यंत कळवाल का? रीवर्क होऊन तपासणी झाल्याशिवाय माल सोडता येणार नाही.’

सीसीमध्ये तुझे क्वालिटीचे साहेब राहू देत, होल्ड त्यांना कळायलाच हवा. प्लांट हेडचं नाव मात्र काढ. ते तू माहितीसाठी टाकलेलं नाहीस, हे तुलाही ठाऊक आहे.

आणि ‘कागदी घोडे’ ही गोष्ट मेलमध्ये कुठेच नको. टी-ब्रेकला त्याला बाजूला घे आणि सांग, ‘लोकांसमोर असं बोललात, मला आवडलं नाही.’ एवढंच.

— बाबा